फेब्रुवारीचा तिसावा दिवस

लीप वर्ष नसेल आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री तुमच्याकडे भारत सरकारचा एखादा रोखा असेल, तर १ मार्चच्या सकाळी त्यावर तीन दिवसांचं व्याज चढलेलं असतं. रात्र एकच झालेली असते. २९ आणि ३० फेब्रुवारी हे दोन दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयात नसतात, पण व्याजाच्या हिशेबात असतात. याच्या उलट, ज्या महिन्याला ३१ दिवस असतात त्या प्रत्येक महिन्याच्या अखेरीस एक रात्र अशी येते, की त्या रात्रीचं व्याज शून्य असतं.

यात कुणाची लबाडी नाही आणि कॉम्प्युटरचा बगही नाही. मी रोख्यांचे हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे कुणीतरी हीच शंका घेऊन येतं. एका ट्रेझरीतले गृहस्थ तर फोनवर म्हणाले होते, "अहो, तीन दिवसांत पाच दिवसांचं व्याज कसं काय दाखवताय तुम्ही? एकदा तपासून बघा." आकडा बरोबर होता. तो तसा का येतो, हे सांगायचं तर दिवस मोजण्याच्या दोन पद्धतींच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं. एका पद्धतीचं नाव ३०/३६० आणि दुसरीचं ॲक्च्युअल/ॲक्च्युअल.

आधी मुळात दिवस मोजायची गरज का पडते ते पाहू. रोखा म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेलं कर्ज. त्याचं व्याज, म्हणजे कूपन, ठरलेल्या तारखांना मिळतं. आपल्या सरकारी रोख्यांवर ते सहसा सहा महिन्यांनी येतं. त्या तारखेला रोखा ज्याच्या नावावर असेल त्याला पूर्ण सहा महिन्यांचं कूपन मिळतं, मग त्याने तो कालच विकत घेतलेला का असेना. पण आधीच्या मालकाने तो पाच महिने सांभाळलेला असतो. त्याच्या वाट्याचं व्याज बुडू नये म्हणून विकत घेणारा रोख्याच्या किमतीशिवाय आजवर साचलेलं व्याजही त्याला वेगळं मोजून देतो. यालाच ॲक्रूड इंटरेस्ट म्हणतात. आपल्याकडच्या बँकांत ब्रोकन पीरियड इंटरेस्ट हा शब्द जास्त चालतो. पुढे कूपन पूर्ण हातात आलं, की विकत घेणाऱ्याची भरपाई होते.

म्हणजे प्रश्न वाटणीचा आहे. सहा महिन्यांच्या कूपनचे दोन मालकांत तुकडे करायचे, तर किती दिवस तुझे आणि किती माझे हे ठरवावं लागतं. एकूण दिवस किती धरायचे, हेही ठरवावं लागतं. महिने सारख्या लांबीचे असते तर वादच नव्हता. ते तसे नाहीत, म्हणून पद्धती निघाल्या.

शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो. सरळव्याजाच्या त्या उदाहरणांत मुदत दिवसांत दिली असेल, तर ती बहुधा ७३, १४६ किंवा २१९ दिवस असायची. हे आकडे कुठून येतात, हे तेव्हा कुणी सांगत नाही. ३६५ ला १ आणि ३६५ सोडून फक्त दोनच संख्यांनी नि:शेष भाग जातो, ५ आणि ७३. म्हणून ७३ दिवस म्हणजे वर्षाचा बरोबर पाचवा भाग. उदाहरण सुटसुटीत सुटावं म्हणून पुस्तक लिहिणारा ७३ निवडतो. पण पेढीवर येणारा माणूस ७३ दिवसांनीच येईल असं थोडंच आहे? तो ४५ दिवसांनी येतो, ९० दिवसांनी येतो, आणि मग ३६५ ने भागाकार करता करता कारकुनाचा घाम निघतो.

३६० चं तसं नाही. तिला २४ विभाजक आहेत. २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ या सगळ्यांनी तिला भाग जातो. युरोपातले व्यापारी आणि बँका हिशेबासाठी वर्ष ३६० दिवसांचं आणि महिना ३० दिवसांचा धरत आल्या, त्यामागची सोय हीच. जर्मन व्यापारी गणितात तर ही सोय पुरेपूर वापरलेली दिसते. मुद्दल गुणिले दिवस भागिले शंभर, असा एक आकडा प्रत्येक नोंदीसमोर लिहून ठेवायचा. वर्षअखेरीला त्या आकड्यांची बेरीज करायची आणि एकदाच व्याजदराच्या भाजकाने भागायचं. तो भाजक म्हणजे ३६० भागिले व्याजदर. दर ४ टक्के असेल तर ९०, ५ टक्के असेल तर ७२, ६ टक्के असेल तर ६०. ३६५ घेतले असते तर ४ टक्क्यांना ९१.२५ आणि ६ टक्क्यांना ६०.८३ असे भाजक आले असते. अमेरिकेत शिकवली जाणारी साठ दिवसांची रीतही याच कुळातली. वर्ष ३६० दिवसांचं आणि दर ६ टक्के धरला, तर ६० दिवसांचं व्याज मुद्दलाच्या बरोबर एक टक्का येतं. दशांश चिन्ह दोन घरं डावीकडे सरकवलं की झालं उत्तर.

सारख्या महिन्यांची कल्पना आपल्यालाही परकी नाही. आपल्या ज्योतिषगणितात ३० सूर्योदयांचा सावन मास आणि ३६० दिवसांचं सावन वर्ष आहे. गावातला सावकार "दरमहा शेकडा दोन" म्हणतो, तेव्हा तोही महिना २८ चा की ३१ चा हे विचारत नाही. महिना झाला की शंभराला दोन रुपये.

३०/३६० पद्धत नेमकं हेच करते. ती प्रत्येक महिना ३० चा धरते आणि दोन तारखांमधलं अंतर असं काढते:

```
days = 360*(Y2-Y1) + 30*(M2-M1) + (D2-D1)
```

म्हणजे वर्षांचा फरक गुणिले ३६०, महिन्यांचा फरक गुणिले ३०, आणि त्यात तारखांचा फरक मिळवायचा. कॅलेंडर उघडायची गरज नाही, लीप वर्ष आठवायची गरज नाही. पाटीवर किंवा मनातल्या मनातही हे जमतं. अडचण येते ती फक्त ३१ तारखेची, कारण ३० च्या महिन्यात ती बसतच नाही. युरोपीय नियमात ३१ तारीख आली की तिला सरळ ३० समजतात. अमेरिकी नियमात शेवटची तारीख ३१ असेल, तर सुरुवातीची तारीख ३० किंवा ३१ असतानाच तिला ३० समजतात. एरवी ती ३१ च राहते. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच आहे. युरोपीय नियमात ३० ते ३१ ही रात्र बिनव्याजी जाते, अमेरिकी नियमात ३१ ते १ ही. एक रात्र बुडते हे मात्र ठरलेलंच. लांब महिन्यात बुडालेले असे दिवस फेब्रुवारीच्या शेवटी भरून निघतात, म्हणून त्या एका रात्रीत तीन दिवस येतात.

आता खरा रोखा घेऊन पाहू. ७.१० टक्के जीएस २०३४ हा भारत सरकारचा रोखा ८ एप्रिल २०३४ ला मुदत पूर्ण करतो. त्याचं कूपन दरवर्षी ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला येतं. समजा एखाद्या बँकेने दुसऱ्या बँकेला १० कोटी रुपये दर्शनी मूल्याचे हे रोखे विकले. सहा महिन्यांचं कूपन ३.५५ टक्के, म्हणजे ३५,५०,००० रुपये. मागचं कूपन ८ ऑक्टोबर २०२४ ला मिळून गेलेलं आहे आणि पुढचं ८ एप्रिल २०२५ ला येणार आहे.

व्यवहाराचे पैसे शुक्रवारी, २८ फेब्रुवारी २०२५ ला द्यायचे आहेत. ३०/३६० ने मोजलं तर ८ ऑक्टोबर ते ८ फेब्रुवारी चार महिने, म्हणजे १२० दिवस, आणि वर २० दिवस. एकूण १४०. सहामाही १८० दिवसांची. ३५,५०,००० गुणिले १४० भागिले १८०, म्हणजे साचलेलं व्याज २७,६१,१११ रुपये.

हाच रोखा ॲक्च्युअल/ॲक्च्युअल पद्धतीचा असता तर? मग खरे दिवस मोजायचे. ऑक्टोबरचे २३, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबर आणि जानेवारीचे ३१-३१, फेब्रुवारीचे २८, असे १४३ दिवस. ८ ऑक्टोबर ते ८ एप्रिल ही सहामाही प्रत्यक्षात १८२ दिवसांची आहे. ३५,५०,००० गुणिले १४३ भागिले १८२, उत्तर २७,८९,२८६ रुपये. म्हणजे आपल्या ३०/३६० पद्धतीमुळे विकणाऱ्याला २८,१७५ रुपये कमी मिळाले.

आता तोच व्यवहार फक्त एका कामकाजाच्या दिवसाने पुढे ढकलू. शनिवार-रविवार गेला, पैसे द्यायचा दिवस सोमवार, ३ मार्च. ३०/३६० ने ८ ऑक्टोबर ते ३ मार्च १४५ दिवस होतात आणि व्याज २८,५९,७२२ रुपये. खऱ्या मोजणीने १४६ दिवस आणि व्याज २८,४७,८०२ रुपये. आता विकणाऱ्याला ११,९२० रुपये जास्त मिळाले. एका शनिवार-रविवारात फरकाची बाजूच पालटली. फोनवरच्या त्या गृहस्थांनी विचारलेले "तीन दिवसांत पाच दिवस" ते हेच, १४० वरून १४५.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ज्याने ८ ऑक्टोबरला रोखा घेतला आणि ८ एप्रिलपर्यंत ठेवला, त्याला दोन्ही पद्धतींत अगदी तेच ३५,५०,००० रुपये मिळतात. १४० भागिले १८० आणि १४३ भागिले १८२ या दोन अपूर्णांकांत मधल्या दिवशी फरक पडतो, पण ८ एप्रिलला दोन्ही बरोबर एकवर येऊन थांबतात. फेब्रुवारीत जास्त दिसलेलं व्याज ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी आणि मार्चच्या अखेरीस बुडालेल्या रात्रींतून आलेलं असतं. पद्धत व्याज वाढवत नाही आणि कमीही करत नाही. मधल्या वाटेत कोणता तुकडा कुणाच्या खिशात जाणार, एवढंच ती ठरवते. म्हणून तिचा परिणाम मधेच येणाऱ्या आणि मधेच जाणाऱ्यावर होतो.

यावर एक रास्त शंका येते. बाजारातल्या लोकांना हे माहीत असतं, मग ते किमतीतच फरक करून घेणार नाहीत का? करतात. पण फरक केवढा आहे तेही पाहा. १० कोटींवर २८,१७५ रुपये म्हणजे १०० रुपयांच्या रोख्यामागे २.८ पैसे. आपल्या सरकारी रोख्यांच्या किमतीची सर्वात लहान पायरी पाव पैशाची असते. म्हणजे हा फरक अकरा पायऱ्यांचा झाला. आपल्या खिशाच्या मानाने २.८ पैसे नगण्य आहेत, पण रोज शेकडो कोटींची उलाढाल करणाऱ्या डीलरला ते नगण्य नाहीत. वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्यांत प्रसिद्ध असलेल्या जॉन हल यांच्या पाठ्यपुस्तकात अमेरिकेतला असाच एक प्रश्न आहे. तिथे सरकारी रोखे ॲक्च्युअल/ॲक्च्युअलवर आणि कंपन्यांचे रोखे ३०/३६० वर चालतात. कूपन आणि किंमत सारखीच असेल, तर २८ फेब्रुवारी ते १ मार्च एवढ्यापुरता कोणता रोखा हातात असावा? उत्तर कंपनीचा, कारण तो एका रात्रीत तीन दिवसांचं व्याज देतो.

किंमत आणि व्याज यांच्यातली ही सीमारेषा कोर्टातही महत्त्वाची ठरली आहे. बँक रोखा विकत घेताना जी रक्कम मोजते तिचा एक भाग किंमत असतो आणि एक भाग साचलेलं व्याज. त्या व्याजाचा भाग बँकेला खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येतो, की तो रोख्याच्या किमतीचाच भाग समजायचा? हा वाद आयकर खातं आणि बँका यांच्यात कित्येक वर्षं चालला. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बँकेच्या विरुद्ध गेला होता. पुढे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात वेगळा निष्कर्ष काढला. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बँकेने रोखे व्यापारी माल म्हणून ठेवलेले असतील तर हे व्याज वजा करता येईल. त्या खटल्यांत दिवस मोजण्याच्या पद्धतीचा वाद नव्हता. पण त्या एका रकमेतलं व्याज किती आणि किंमत किती, हा आकडा मुळात दिवस मोजूनच येतो.

आता प्रश्न असा, की कॉम्प्युटर आल्यावर ३०/३६० ची गरज काय उरली? १४३ भागिले १८२ करायला मोबाइललाही क्षणभर पुरतो. उत्तर असं, की रोख्यात दिवस मोजण्याची पद्धत हा कराराचा भाग असतो. आज विकलेला ३० वर्षांचा रोखा आजच्या पद्धतीला ३० वर्षं बांधलेला राहतो. म्हणून पद्धत बदलायची तर एखादं मोठं निमित्त लागतं. युरोपात असं निमित्त १ जानेवारी १९९९ ला आलं.

त्या दिवशी ११ देशांचं चलन युरो झालं. तोवर जर्मनीचे सरकारी रोखे ३०/३६० वर आणि फ्रान्सचे ॲक्च्युअल/ॲक्च्युअलवर चालत. एक मार्कमध्ये, दुसरा फ्रँकमध्ये, त्यामुळे दोघांची मोजणी वेगळी असली तरी कुणाचं फारसं अडत नव्हतं. चलन एकच झाल्यावर हे दोन रोखे एका फळीवर शेजारी-शेजारी आले. आता त्यांच्या परताव्यातला बारीकसा फरक खरा आहे, की नुसत्या मोजणीमुळे दिसतो आहे, हा प्रश्न रोजचा झाला असता. म्हणून युरो येण्याआधीच बाजारातल्या संघटनांनी एकमताने शिफारस केली, की युरोमधल्या रोख्यांसाठी ॲक्च्युअल/ॲक्च्युअल वापरावी. जर्मन सरकारी रोखेही त्या वाटेने गेले. ब्रिटन युरोत गेलं नाही, पण १ नोव्हेंबर १९९८ पासून ब्रिटिश सरकारी रोख्यांनीही ३६५ चा ठरावीक भाजक सोडून ॲक्च्युअल/ॲक्च्युअल धरली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खरे दिवस मोजायचे म्हटल्यावर वाद कसला? पण ॲक्च्युअल/ॲक्च्युअल या जोडशब्दात वरचा ॲक्च्युअल सोपा आहे आणि खालचा अवघड. दोन तारखांमध्ये प्रत्यक्ष किती दिवस, याचं उत्तर एकच असतं. पण त्यांना भागायचं कशाने? प्रत्यक्ष वर्षाने म्हणाल, तर कोणतं वर्ष? स्वॅप आणि डेरिव्हेटिव्हजचे नमुना करार तयार करणाऱ्या इस्डा या संघटनेने नोव्हेंबर १९९८ मध्ये यावर एक टिपण काढलं. या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळे हिशेब चालू आहेत, हे त्यात उदाहरणांसह दाखवलं होतं.

त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. १०,००० मुद्दल, १० टक्के दर, १ नोव्हेंबर २००३ ते १ मे २००४ ही सहामाही. मध्ये २००४ चं लीप वर्ष लागतं. खरे दिवस १८२, याबद्दल तिघांचंही एकमत. इस्डाची रीत म्हणते, २००३ मधले ६१ दिवस ३६५ ने भागा, २००४ मधले १२१ दिवस ३६६ ने भागा आणि बेरीज करा. व्याज येतं ४९७.७२. फ्रेंच बँकांच्या संघटनेची रीत म्हणते, मुदतीत २९ फेब्रुवारी येते ना, मग सगळे दिवस ३६६ ने भागा. व्याज येतं ४९७.२७. रोखेबाजारातली इस्मा ही संघटना म्हणते, ही सहामाही १८२ दिवसांची आहे आणि वर्षात अशा दोन असतात, म्हणून भाजक १८२ च्या दुप्पट. व्याज येतं बरोबर ५००.

फरक मनात भरण्यासारखा नाही, पण तो कुठे टोचतो ते पाहा. समजा एका कंपनीने १० कोटी युरोंचा रोखा काढला आणि त्याच्या कूपनइतकीच रक्कम समोरून मिळावी म्हणून बँकेशी स्वॅपचा करार केला. दोन्ही कागदांवर ॲक्च्युअल/ॲक्च्युअल लिहिलंय. पण रोख्याची रीत इस्माची आणि स्वॅपची इस्डाची. मग या सहामाहीत कंपनीला रोखेधारकांना द्यायचे आहेत ५० लाख युरो आणि स्वॅपमधून येतात त्याहून २२,७५६ युरो कमी. दोन्ही बाजूंनी करार तंतोतंत पाळला, तरी तूट येतेच. म्हणून आज नीट लिहिलेल्या करारात नुसतं ॲक्च्युअल/ॲक्च्युअल लिहून थांबत नाहीत. त्यापुढे कोणाची रीत, तेही लिहितात.

आपल्याकडे हीच गाठ दुसऱ्या प्रकारे पडली. कंपन्यांच्या रोख्यांसाठी सेबीने ऑक्टोबर २०१३ मध्ये परिपत्रक काढून ॲक्च्युअल/ॲक्च्युअल ठरवून दिली. पण लीप वर्षात भाजक किती धरायचा हा प्रश्न उरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सेबीने तोही सोडवला. एका वर्षाच्या व्याजकाळात २९ फेब्रुवारी येत असेल, तर त्या संपूर्ण वर्षासाठी भाजक ३६६ धरायचा. कूपन सहामाही असेल तर दोन्ही वेळा, तिमाही असेल तर चारही वेळा.

यातून एक गंमत होते. समजा १० लाखांचा ८ टक्क्यांचा कंपनीचा रोखा आहे आणि त्याच्याही कूपन तारखा ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबर आहेत. ८ ऑक्टोबर २०२४ ते ८ एप्रिल २०२५ चे १८२ दिवस, भाजक ३६५, कूपन ३९,८९०.४१ रुपये. पुढच्या सहामाहीचे १८३ दिवस, कूपन ४०,१०९.५९ रुपये. दोन्ही मिळून ८०,००० होतात, पण अर्धं कूपन नेमकं अर्धं नसतं. त्याच्या आदल्या वर्षात, २०२४ च्या लीप फेब्रुवारीमुळे दोन्ही सहामाह्या १८३ दिवसांच्या आणि भाजक ३६६, तेव्हा मात्र दोन्ही कूपनं बरोबर ४०,००० ची येतात. सरकारी रोख्याला हा प्रकारच ठाऊक नाही. तिथे प्रत्येक सहामाही १८० दिवसांची आणि प्रत्येक कूपन बरोबर अर्धं.

म्हणजे आज मुंबईच्या एकाच डीलिंग रूममध्ये सरकारी रोखा ३०/३६० वर, त्याच सरकारचं ट्रेझरी बिल खऱ्या दिवसांवर आणि ३६५ च्या भाजकावर, आणि कंपनीचा रोखा सेबीच्या ॲक्च्युअल/ॲक्च्युअलवर चालतो. सॉफ्टवेअरमध्ये यातली चुकीची पद्धत लागली असेल, तर ते ओळखायला काही ठरावीक तारखा पुरतात. २८ फेब्रुवारीच्या पुढे एक दिवस जाऊन पाहावं. व्याज तीन दिवसांनी वाढलं तर पद्धत ३०/३६०, एका दिवसाने वाढलं तर खरी मोजणी. ३० जानेवारी, ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी हे तीन आकडे ओळीने काढावेत. ३० पासून ३१ पर्यंत व्याज हललं नाही तर युरोपीय नियम, ३१ पासून १ पर्यंत हललं नाही तर अमेरिकी. एक्सेलमध्ये अमेरिकी ३०/३६० चा `basis` 0 असतो, युरोपीयचा 4 आणि ॲक्च्युअल/ॲक्च्युअलचा 1. काहीच लिहिलं नाही तर एक्सेल 0 धरतं, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते. शेवटची परीक्षा कूपनच्या तारखेची. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत साचलेलं व्याज त्या सहामाहीच्या कूपनइतकंच आलं पाहिजे. तसं येत नसेल, तर वरचा दिवसांचा आकडा बरोबर असला तरी खालचा भाजक दुसऱ्याच रीतीचा आहे असं समजावं.

नोव्हेंबर २०२१ पासून आरबीआयच्या रिटेल डायरेक्टवर कुणालाही स्वतःच्या नावाने सरकारी रोखे घेता येतात. तिथे बाजारातून रोखा घेतलात, तर किमतीशिवाय साचलेल्या व्याजाची रक्कम वेगळी मोजावी लागते. मागच्या कूपनच्या तारखेपासून महिने मोजा, प्रत्येकाचे ३० दिवस धरा, उरलेले दिवस मिळवा आणि सहामाहीच्या कूपनला त्याने गुणून १८० ने भागा. आकडा जुळायला हवा. आणि व्यवहार फेब्रुवारीच्या अखेरीचा असेल, तर पैसे द्यायचा दिवस २८ फेब्रुवारी आहे की मार्च उजाडल्यावर, ते आधी बघा.